आई-बाबांकडे परदेशी शिक्षणाचे पैसे मागताना

"बाबा, जर्मनीचं ॲडमिशन झालं. १४ लाख लागतील. जुलैच्या आत हवेत, नाहीतर वर्ष वाया जाईल. लोन काढायचं की एफडी मोडायची ते बघा आणि उद्यापर्यंत सांगा."

असे मेसेज दरवर्षी कितीतरी घरांत येऊन पडतात. लिहिणारी मुलं वाईट नसतात. चार-सहा महिने त्यांच्या डोक्यात विद्यापीठं, अर्ज, व्हिसा एवढंच चाललेलं असतं, आणि आई-बाबांना हे सगळं ठाऊकच आहे असं त्यांना वाटू लागतं. प्रत्यक्षात घरी यातलं काहीच पोचलेलं नसतं. त्यांच्या हातात पडतो तो फक्त आकडा आणि तारीख.

समजा, वरचा मेसेज लिहिणारी मुलगी मेकॅनिकल इंजिनीअर आहे, अडीच वर्षं पुण्यात नोकरी करते, पगार ३५ हजार. वडील कराडजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली. आई घरी शिवणकाम करते. धाकटा भाऊ बारावीत. असं घर महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात सापडेल. या घरात तो मेसेज कसा वाचला जाईल ते पाहू.

पहिली अडचण त्या १४ लाखांची. जर्मनीत शिक्षण फुकट असतं असं वडिलांनी ऐकलेलं असतं. मग हे १४ लाख कसले? मुलगी काही लपवतेय का, की कुठल्या एजंटच्या नादी लागलीय, ही शंका इथे पहिल्यांदा येते. खरी गोष्ट अशी की तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १५०० युरो भरावे लागतात, आणि खाजगी विद्यापीठांची फी तर भरपूर असते. पण फी नसली तरी व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्या-खाण्याचे पैसे आधी दाखवावे लागतात. त्यासाठीचं ब्लॉक्ड अकाउंट २०२४च्या सप्टेंबरपासून ११,९०४ युरोंचं झालं. हिशेबापुरता युरो १०० रुपयांना धरला तर हे ११ लाख ९० हजार होतात. हा पैसा कुणाच्या घशात जात नाही. तो मुलीच्याच नावावर राहतो, तिथे पोचल्यावर दरमहा ९९२ युरो हातात येतात, त्यातून भाडं, जेवण, विमा भागवायचा असतो. व्हिसा नाकारला गेला तर रक्कम परत मिळते. एवढं सांगितलं तरी वडिलांच्या मनातली निम्मी धास्ती जाते. मुलीला हे पाठ असतं, आणि म्हणूनच ती ते सांगायला विसरते.

दुसरी अडचण "लोन काढायचं की एफडी मोडायची" या शब्दांत आहे. ती एफडी मुलीची नाही. ती कशासाठी ठेवलीय, भावाच्या फीसाठी की आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी, हेही तिला बहुधा माहीत नसतं. आपण किती मागतोय ते मुलांनी स्पष्ट सांगावं. ते कुठून काढायचं हा निर्णय आई-बाबांचा. उलट कशाला हात लावू नका, हे मात्र मुलांनी आधीच सांगून टाकावं असं मला ठामपणे वाटतं. जमीन, आईचे दागिने, वडिलांचा भविष्य निर्वाह निधी या गोष्टी मुलांनी न मागता आई-बाप स्वतःहून पुढे करतात, आणि मग त्या परत कधीच उभ्या राहत नाहीत.

कर्जाचं तर अजून खोलात जायला हवं. सरकारी बँकांत साधारण साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला घर किंवा जमीन तारण ठेवावी लागत नाही, पण आई किंवा वडील सहकर्जदार लागतात. मुलं घरी सांगतात, "तुमची फक्त सही हवीय." हे अर्धसत्य आहे. सहकर्जदारावर कर्जाची जबाबदारी मुलीइतकीच असते. हप्ते थकले तर वडिलांचाही सिबिल स्कोअर घसरतो आणि बँकेचा फोन त्यांनाच येतो. शिवाय हप्ते सुरू व्हायला अभ्यासक्रम संपून साधारण वर्ष जातं. दोन वर्षांचं शिक्षण आणि वरचं एक वर्ष धरलं, तर हप्ते नेमके वडील निवृत्त होतात तेव्हा सुरू होणार. ही गोष्ट मेसेजमध्ये नसेल तर तो मेसेज प्रामाणिक नाही, भाषा कितीही गोड असो.

आकडे मांडून बघू. ६ लाखांचं कर्ज, व्याज १० टक्के धरलं, तर वर्षाला ६० हजार व्याज चढतं. तीन वर्षांत १ लाख ८० हजार. म्हणजे फेडायला सुरुवात होईल तेव्हा देणं ७ लाख ८० हजारांचं झालेलं असेल, आणि सात वर्षांत फेडायचं तर हप्ता महिन्याला सुमारे १३ हजार. आता कसोटीचा प्रश्न असा, की जर्मनीत नोकरी लागलीच नाही आणि मुलगी परत आली, तर पुण्यातल्या पगारातून १३ हजार भरता येतील का? ३५ हजारांत ओढाताण होईल, पण जमेल. २० लाखांचं कर्ज असतं तर जमलं नसतं. युरोतल्या पगाराची स्वप्नं धरून कर्जाचा हिशेब करायचा नसतो. तो इथल्या पगारावर करावा, आणि घरी तोच दाखवावा.

हे सगळं आधी कागदावर उतरलं की मेसेज आपोआप बदलतो. तीच मुलगी आता असं लिहील:

"आई-बाबा, ड्रेस्डेनच्या सरकारी विद्यापीठातून मला एम.एस.चं ॲडमिशन मिळालंय. पैशांचं बोलायचंय. फोनवर मला ते नीट सांगता येत नाही आणि तुम्हालाही लगेच उत्तर द्यावं लागतं, म्हणून आधी लिहून पाठवतेय.

तिथे शिकवणी फी नाही. पण व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्याचे सुमारे १२ लाख माझ्या नावावर तिथल्या खात्यात ठेवावे लागतात. ते मला दरमहा थोडे थोडे मिळतील. तिकीट, व्हिसा, खोलीचं डिपॉझिट, विद्यापीठाचं सत्र शुल्क मिळून आणखी २ लाख. एकूण १४.

यातले साडेतीन लाख मी साठवलेत. ६ लाख शैक्षणिक कर्ज काढायचं म्हणतेय. राहिलेले साडेचार लाख मी तुमच्याकडे मागतेय. कर्जाला बाबांना सहकर्जदार व्हावं लागेल. मी हप्ते चुकवले तर बँक बाबांकडे येईल, आणि हप्ते सुरू होतील तेव्हा बाबा निवृत्त झालेले असतील. म्हणून कर्ज मुद्दाम एवढंच ठेवलंय. हप्ता १३ हजारांच्या आसपास बसेल. परत येऊन पुण्यात नोकरी करावी लागली तरी मी तो भरू शकेन.

दुसऱ्या वर्षाचा खर्च तिथे अर्धवेळ काम करून भागवायचा विचार आहे. पण काम मिळेलच असं नाही. नाही मिळालं तर आणखी ४-५ लाखांची अडचण येऊ शकते. हे नंतर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

शेत, आईचं सोनं आणि बाबांचा पीएफ यांना हात लावायचा नाही. दादूच्या इंजिनीअरिंगचे पैसे बाजूला ठेवूनच काय ते ठरवा.

डिप्लोमानंतर मला डिग्रीला जायचं होतं तेव्हा तुम्ही वरच्या मजल्याचं काम थांबवून माझी फी भरलीत. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता स्वतः पैसे साठवताना कळतंय. तुम्ही आत्ता हो म्हणा किंवा नाही म्हणा, ते मी विसरणार नाही.

विद्यापीठाला मला १५ तारखेपर्यंत कळवायचंय. जमणार नसेल तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो, तोवर नोकरी आहेच. शनिवारी घरी येतेय, तेव्हा बोलू. कागद सगळे घेऊन येते."

या मेसेजमधला कृतज्ञतेचा भाग कुठे आलाय ते बघा. मागणीच्या आधी "तुम्ही माझ्यासाठी आयुष्य वेचलंत" असं लिहिलं की ते वाक्य पुढच्या मागणीचं गिऱ्हाईक पटवायला आल्यासारखं वाटतं, आणि आईला ते पहिल्या ओळीतच कळतं. इथे ते शेवटी आलंय, एका खऱ्या, दोघांना आठवणाऱ्या गोष्टीला धरून आलंय, आणि होकाराशी बांधलेलं नाही. "सगळे पैसे दोन वर्षांत परत करीन" असलं वचनही यात नाही. पदवीनंतर जर्मनीत नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, पण तेवढ्यात नोकरी लागेलच असं कुणी सांगू शकत नाही. साडेचार लाख परत करायचेत की ती आई-बाबांची मदत समजायची, ते शनिवारी समोरासमोर बोलून ठरवावं. लेखी एकतर्फी वचन दिलं की पुढे तेच भांडणाचं कारण होतं.

तारखेचंही तसंच. पहिल्या मेसेजमध्ये तारीख धमकीसारखी होती. इथे ती आहेच, लपवलेली नाही, पण नकार दिला तर काय होईल तेही लगेच पुढे आहे. वडिलांना "नाही" म्हणायची वाट मोकळी असली, तरच त्यांच्या "हो"ला अर्थ राहतो.

मेसेज कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नये, हे वेगळं सांगायला नको. काका-आत्या आधी वाचतील आणि वडिलांवर नको तो दबाव येईल. दोघांना एकाच वेळी पाठवावा. आईला आधी पटवून तिच्यामार्फत बाबांकडे जायचं, ही आपल्या घरांतली जुनी रीत आहे. पण त्यात सगळं ओझं आईवर पडतं, आणि आकडे तिच्याकडून बाबांपर्यंत जाईस्तोवर बदलतात.

बहुतेक घरांत यावर पहिलं उत्तर "बघू" असंच येतं. त्याला नकार समजून रडारड करायची नाही आणि होकार समजून तिकीटही काढायचं नाही. बाबा बँकेत चौकशी करतील, शाळेतल्या एखाद्या सहकाऱ्याचा मुलगा बाहेर असेल तर त्याला फोन लावतील. लावू द्यावा. शनिवारी विद्यापीठाचं पत्र, ब्लॉक्ड अकाउंटची माहिती आणि बँकेचं कर्जाचं कोष्टक छापून न्यावं, कारण मोबाइलच्या पडद्यावर व्याजाचे आकडे वाचून कुणीही सही करू नये. आणि "दोन लाख जमतील, साडेचार नाही" असं उत्तर आलं, तर कर्ज वाढवायचं की वर्ष थांबून साठवायचं, हा हिशेब आता मुलीचा आहे. कर्ज वाढवलं तर हप्ताही १३ हजारांवर राहणार नाही. म्हणजे कोष्टक नव्याने मांडून ते आई-बाबांना पुन्हा दाखवायचं, आणि मगच बाबांची सही मागायची.