एक दिवस बुडाला, मग आख्खा आठवडा का बुडतो?

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी ऐकलं पण मधला हिशोब नीट बघायचा आहे त्यांच्यासाठीही.

विषय साधा आहे. ठरवलेला अभ्यास एखाद्या दिवशी होत नाही. पाहुणे येतात, एसटी चुकते, प्रॅक्टिकल लांबतं, कधी कधी नुसता कंटाळा येतो. हे सगळ्यांचंच होतं. पण त्यानंतर जे होतं, त्यावर आज बोलू या. कारण खरं नुकसान चुकलेल्या दोन तासांत नसतं, ते त्याच्या पुढच्या चार दिवसांत असतं.

आधी हिशोब मांडू

समजा, एक मुलगी आहे. शिवाजी विद्यापीठात शिकते, राजारामपुरीत रूम करून राहते आणि सोबत एमपीएससीची तयारी करते. तिचं ठरलंय की सोमवार ते शनिवार, रोज संध्याकाळी ७ ते ९ अभ्यासिकेत बसून राज्यघटना वाचायची. म्हणजे आठवड्याचे १२ तास.

मंगळवारी कागलला मामाच्या मुलीचा साखरपुडा. रूमवर परत यायला पावणेदहा वाजले. दोन तास गेले. इथपर्यंत काही बिघडलेलं नाही.

आता पुढं बघा. ती म्हणते, "आजचा दिवस तर गेलाच." मग रात्री साडेबारापर्यंत रील्स. बुधवारी मनात टोचणी, म्हणून ठरवते की आज कालचंही भरून काढायचं, ७ ते ११ बसायचं. पावणेनऊला डोकं चालेनासं होतं आणि ती उठते. खरं तर ती पावणेदोन तास बसली, रोजच्याइतकंच. पण ठरवले होते चार तास, म्हणून बुधवारही नापास! आता गुरुवारी डोक्यावर सव्वाचार तासांचं ओझं. ते बघूनच अभ्यासिकेकडं पाय वळत नाही. मग ते नेहमीचं वाक्य येतं: "जाऊ दे, सोमवारपासून नव्यानं सुरू करू."

बेरीज करा. सोमवारचे दोन आणि बुधवारचे पावणेदोन, म्हणजे पावणेचार तास. बारापैकी सव्वाआठ गेले. त्यातले साखरपुड्यानं फक्त दोन नेले. उरलेले सव्वासहा "आता गेलंच" या विचारानं नेले.

"आता गेलं खड्ड्यात" असं मन का म्हणतं?

मानसशास्त्रात यावर बरंच काम झालंय, आणि त्याची सुरुवात अभ्यासातून नाही तर खाण्यातून झाली. १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या संशोधकांनी लोकांना आधी मिल्कशेक दिला आणि नंतर आइस्क्रीम चाखायला बसवलं. जे डाएट करत नव्हते त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, कारण पोट भरलेलं होतं. पण डाएटवाल्यांनी उलट जास्त खाल्लं! कारण त्यांच्या लेखी आजचा नियम मोडलाच होता. मग राखायचं कशासाठी?

नंतर, २०१० मध्ये, याच विषयातला आणखी एक प्रयोग आला. सगळ्यांना पिझ्झाचा सारखाच तुकडा दिला, पण काहींना तो इतरांच्यापेक्षा मोठा आहे असं भासवलं. तेवढ्यानं त्यांच्यातल्या डाएटवाल्यांनी नंतर बिस्किटं जास्त खाल्ली. पोटात सगळ्यांच्या तेवढाच पिझ्झा होता. फरक पडला तो "आपला नियम मोडला" या समजुतीनं.

अभ्यासाचं गणित इथंच जुळतं. "रोज दोन तास" हे आपण माप म्हणून ठरवतो, पण मनात ते व्रत होऊन बसतं. माप थोडं कमी भरलं तर आपण म्हणतो की थोडं कमी भरलं. व्रत मात्र एकदा मोडलं की मोडलं. मग पावणेदोन तास आणि शून्य तास यांत मनाला फरकच दिसत नाही.

टोचणी कामाची की बिनकामाची?

आपल्याकडं सर्रास समजलं जातं की स्वतःला चांगलं झापलं की उद्या नीट बसू. २०१० मध्ये कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातल्या वोल, पिचिल आणि बेनेट यांनी पहिल्या वर्षाच्या ११९ विद्यार्थ्यांना हेच विचारलं. पहिल्या परीक्षेच्या वेळी तुम्ही अभ्यास पुढं ढकललात का, आणि त्याबद्दल स्वतःला माफ केलंत का? ज्यांनी भरपूर ढकललं होतं, पण स्वतःला माफ केलं होतं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी ढकललं.

कारण समजायला सोपं आहे. रात्रभर स्वतःला शिव्या घातल्या की ती कडू चव त्या पुस्तकाला चिकटते. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडलं की धडा समोर येण्याआधी कालची शरम समोर येते. मग ती टाळायची म्हणून आपण पुस्तकच टाळतो, आणि मोबाइल तर हाताशी असतोच.

पण माफी म्हणजे "असू दे, काय होतंय" असं म्हणून सोडून देणं नव्हे. माफीत आधी कबुली येते. "मंगळवारचा मूलभूत हक्कांचा भाग राहिला" हे वाक्य कामाचं आहे, कारण त्यात काय राहिलं ते कळतं आणि ते करता येतं. "मी अशीच आहे, माझ्याच्यानं काही होणार नाही" या वाक्याचं काय करणार? त्यात करण्यासारखं काहीच नाही. मनात आलेलं वाक्य कामाबद्दल आहे की स्वतःबद्दल, एवढं तपासलं तरी टोचणी कुठल्या जातीची आहे ते लगेच ओळखता येतं.

मग पावणेदहाला करायचं काय?

त्याच मुलीचा तोच मंगळवार परत घेऊ. रूमवर आली, पावणेदहा वाजलेत.

पहिलं काम, १५ मिनिटं. दोन तास भरून काढायचे नाहीत, फक्त त्या दिवसाला शून्य लागू द्यायचं नाही. आज जो भाग वाचायचा होता, त्यावरचे मागच्या परीक्षांतले पाच-सहा प्रश्न बघायचे. उत्तरं चुकली तरी चालतील. उद्या पुस्तक उघडताना ते अनोळखी वाटू नये, एवढ्यासाठीच हे.

दुसरं, वहीत एक ओळ: "मंगळवार, मूलभूत हक्क बाकी, कारण साखरपुडा." कारण लिहायचंच. ते पुढं उपयोगी पडतं.

तिसरं, बुधवारी फक्त बुधवारचे दोन तास. कालची बाकी आजच्यात मिसळायची नाही. तालमीत एखादा पोरगा दोन दिवस आला नाही, तर तिसऱ्या दिवशी त्यानं तिप्पट जोर-बैठका मारून कसं चालेल? अंग धरेल आणि चौथा दिवसही जाईल. डोक्याचंही तसंच आहे.

चौथं, बाकी भरायची जागा आठवडा सुरू होण्याआधीच ठरलेली असावी. उदाहरणार्थ रविवारी सकाळचा दीड तास. आठवड्यात काही राहिलं नाही तर तो दीड तास आपला, रंकाळ्यावर फिरायला जावा!

आता बेरीज करा. सोमवार दोन, मंगळवार पाव, बुधवार ते शनिवार आठ, रविवार दीड. एकूण पावणेबारा तास. साखरपुडा झाला, जेवण झालं, आणि आठवडाही शाबूत राहिला.

ही राखीव जागा आधीच ठेवण्यामागंही संशोधन आहे. २०१७ मध्ये शरीफ आणि शू यांनी दाखवलं की "आठवड्यातले सातही दिवस करा, पण अडचण आली तर दोन सुट्ट्या आहेत" असं ध्येय दिलं, तर लोक नुसत्या सात दिवसांच्या ध्येयापेक्षा जास्त टिकतात. गंमत म्हणजे "पाच दिवसच करा" या सोप्या ध्येयापेक्षाही जास्त. कारण सुट्टी राखीव आहे म्हटल्यावर माणूस ती जपून वापरतो. आणि वापरलीच, तर नियम मोडल्यासारखं वाटत नाही, कारण ती नियमातच होती.

पंचगंगेसारख्या दोन पातळ्या ठेवा

एखादा दिवस चुकल्यानं सवय मोडते का? लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींवर नजर ठेवली होती. त्यांचं २०१० चं निरीक्षण असं की, एखाद्या वेळी खंड पडल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. त्या सवयी खाणं, पिणं, व्यायाम अशा साध्या होत्या. अभ्यास त्याहून जड काम आहे, त्यामुळं हा निष्कर्ष जसाच्या तसा लावू नका. पण एक खाडा म्हणजे सत्यानाश नव्हे, एवढं त्यातून नक्की कळतं.

तरी धोका ओळखायचा कसा? पावसाळ्यात आपण सगळेच मोबाइलवर राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत असतो. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. पाणी ३० फुटांवर असताना कोणी सामान माळ्यावर टाकत नाही, आणि ४३ ची वाटही बघत नाही. अभ्यासालाही अशाच दोन पातळ्या लावा.

एक खाडा म्हणजे फक्त वहीत नोंद. सलग दोन खाडे म्हणजे इशारा. तिसऱ्या दिवशी बाकी सगळं बाजूला ठेवून निदान ती १५ मिनिटं करायचीच. आणि एकच वार सलग तीन आठवडे चुकला, तर धोका. पण इथं दोष तुमचा नसून वेळापत्रकाचा असण्याची शक्यता जास्त आहे. वहीतली कारणं वाचा. तीन गुरुवार "प्रॅक्टिकल साडेसहाला सुटलं" असं लिहिलेलं असेल, तर गुरुवारी सातला अभ्यासिकेत पोचायचा हट्ट सोडा. तो वेळ साडेआठला न्या, नाहीतर गुरुवारच काढून टाका.

या पद्धतीतही दोन पळवाटा आहेत. पहिली, १५ मिनिटं हाच रोजचा अभ्यास होऊन बसतो. आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस तसं झालं, तर दोन तासांचं माप तुम्हाला सध्या झेपत नाही असं समजा आणि ते सरळ सव्वा तासावर आणा. दुसरी, रविवारचा दीड तास आहेच म्हणून सोमवारीच दांडी. म्हणून रविवारची जागा फक्त कारण लिहिलेल्या खाड्यासाठीच ठेवायची.

आणि एक गोष्ट वेगळी काढून सांगतो. दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर तो वेळापत्रकाचा प्रश्न नाही. घरी किंवा जवळच्या कोणाशी बोला, आणि १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर फोन करा. तो मोफत आहे आणि कधीही लागतो.

आजचा भाग इथंच थांबवू. वहीत पहिला खाडा कोणत्या वाराचा आणि कारण काय, ते आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!