सोनोग्राफीत अचानक दिसलेली लिव्हरची गाठ

पोटात दुखतं म्हणून ४२ वर्षांच्या एका बाईंची सोनोग्राफी झाली, असं समजू. पित्ताशयात खडे नाहीत, पण रिपोर्टच्या तळाशी लिहिलेलं असतं : ‘लिव्हरच्या उजव्या भागात २.२ सेंमीची पांढरट गाठ, हिमँजिओमा असावा.’ गाठ हा शब्द वाचला की घरात त्या रात्री कुणाला झोप लागत नाही.

हिमँजिओमा म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा पुंजका, रक्त भिनलेल्या स्पंजासारखा. त्याच्या असंख्य पातळ भिंतींवरून ध्वनिलहरी परततात, म्हणून तो सोनोग्राफीत पांढरा, रेखीव कडेचा दिसतो. लिव्हरच्या साध्या गाठींमध्ये हीच सर्वांत जास्त आढळते, त्यातही स्त्रियांमध्ये अधिक. तिचा कॅन्सर होत नाही, आपोआप फुटणं अत्यंत दुर्मीळ आहे आणि एवढ्या लहान गाठीमुळे सहसा पोटही दुखत नाही. दुखण्याचं कारण दुसरीकडे, बहुधा ॲसिडिटीत किंवा आतड्यात, शोधावं लागतं. गाठ ५ सेंमीहून मोठी असली, तरी त्रास नसेल तर केवळ आकारासाठी ऑपरेशन करत नाहीत.

मात्र अशीच पांढरी गाठ हेपटायटिस बी किंवा सिरॉसिस असलेल्या माणसात दिसली, तर ती हिमँजिओमाच आहे असं गृहीत धरता येत नाही. पूर्वी स्तनाचा किंवा आतड्याचा कॅन्सर झालेला असेल तरीही तसंच. शिवाय फॅटी लिव्हर स्वतःच पांढरं दिसतं, त्यामुळे त्यात हिमँजिओमा उलट काळपट दिसतो आणि चकवतो. अशा वेळी कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय करतात. हिमँजिओमात कॉन्ट्रास्ट आधी कडेला ठिपक्याठिपक्यांनी भरतो आणि मग सावकाश मध्याकडे सरकतो. हे नेमकं चित्र दिसलं की निदान पक्कं होतं. सुई घालून तुकडा काढणं शक्यतो टाळतात, कारण रक्तस्राव होऊ शकतो.

साधी सिस्ट म्हणजे पाण्याची पिशवी. ती पूर्ण काळी आणि पातळ भिंतीची दिसत असेल, तर त्रास नसताना पुन्हापुन्हा सोनोग्राफी करायचीही गरज नसते. भिंत जाड असेल, आत पडदे किंवा उंचवटे असतील, तर पुढची तपासणी हवीच. मेंढ्या आणि कुत्र्यांच्या सहवासात राहणाऱ्यांमध्ये हायडॅटिड, म्हणजे जंताची सिस्ट, आठवावी लागते. तिच्यात पूर्वतयारीशिवाय सुई घातली आणि आतलं पाणी सांडलं, तर जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते.

वर सांगितलेल्या बाईंना लिव्हरचा आजार नाही, कॅन्सरचा इतिहास नाही, फॅटी लिव्हर नाही आणि गाठ अगदी ठरावीक रूपाची आहे. त्यांना औषध नको आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीही नको. तुमच्या रिपोर्टमध्ये असं काही लिहिलेलं असेल, तर जुन्या सोनोग्राफीचे रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि पूर्वी झालेली कावीळ, दारूची सवय किंवा कॅन्सर यांतलं काहीही त्यांच्यापासून लपवू नका.