घरकामगाराच्या पगारवाढीचे आणि भरपगारी रजेचे पत्र

घरकाम करणाऱ्या बाईला पगारवाढ आणि ठरावीक भरपगारी रजा देणारे मालकाचे पत्र म्हणजे दोघांत ठरलेल्या अटींचा लेखी पुरावा. महाराष्ट्रात अशा पत्राला विशेष महत्त्व आहे, कारण घरकामाच्या अटी येथे बहुतेक तोंडीच ठरतात. 2008 च्या महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियमाने मंडळ, नोंदणी आणि कल्याणकारी योजनांची तरतूद केली. एका घरात पगार किती आणि रजा किती, हा प्रश्न मात्र मालक आणि बाई यांच्यावरच राहिला. तोंडी ठरावही करारच असतो, पण वाद झाला तर तो सिद्ध करणे बाईला अवघड जाते.

हा वाद बहुधा खाड्यांवरून होतो. 1980 मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, त्यालाही आजारपणातल्या खाड्यांमुळे काम गेल्याची पार्श्वभूमी होती. पगारवाढीइतकीच भरपगारी सुट्टीची मागणी तेव्हा महत्त्वाची ठरली आणि त्या लढ्यातून शहरात मोलकरणींची संघटना उभी राहिली. घरकामगारांविषयी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2011 मध्ये केलेला 189 क्रमांकाचा करारही कामाच्या अटी कामगाराला समजतील अशा रीतीने, शक्यतो लेखी, सांगाव्यात असे म्हणतो. आठवड्यातून सलग किमान 24 तास विश्रांतीची तरतूदही त्यात आहे. भारताने हा करार अद्याप अनुमोदित केलेला नाही. त्यामुळे तो घरमालकावर बंधनकारक नाही, पण पत्रात काय असावे याचा चांगला आराखडा त्यातून मिळतो.

पुण्यातल्या एका चार माणसांच्या कुटुंबाचे उदाहरण घेऊ. बाई दोन वेळची भांडी आणि रोजचा केर-फरशी करते. दोन वर्षांपासून पगार महिना 3,000 रुपये आहे आणि तो 3,600 करायचा आहे. पत्राचा मजकूर असा होऊ शकतो:

«ताई, नमस्कार. येत्या 1 जूनपासून तुमचा पगार महिना 3,600 रुपये (तीन हजार सहाशे) राहील आणि तो दर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत मिळेल. काम आत्ता आहे तेवढेच राहील: दोन वेळची भांडी आणि केर-फरशी. दर रविवारी सुट्टी. याशिवाय 1 जून ते 31 मे या वर्षात तुम्हाला हव्या त्या वेळी 12 दिवस आणि आजारपणासाठी 6 दिवस भरपगारी रजा मिळेल. रजेवर असताना बदली माणूस पाठवायची गरज नाही. आम्ही बाहेरगावी असलो तर ते दिवस तुमच्या रजेत धरणार नाही आणि पगारही कापणार नाही. दिवाळीचा बोनस पूर्वीप्रमाणे वेगळा मिळेल.»

खाली दोघांची नावे, घराचा पत्ता, तारीख आणि सह्या घातल्या की पत्र पुरे होते. मजकूर छोटा असला तरी त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ नेहमीच्या एखाद्या तक्रारीला उत्तर देते.

कामाची यादी पगाराच्या पाठोपाठ लिहायची, कारण पगार वाढला की काम न सांगता वाढते. कपडे वाळत घालणे, भाजी निवडणे, पाहुण्यांची जादा भांडी अशी कामे एकेक करून मागे लागतात आणि वर्षभरात वाढीचे 600 रुपये त्यांतच संपतात. उदाहरणातली वाढ दोन वर्षांतल्या महागाईपोटी आहे. पुढे घरात माणूस वाढला किंवा धुणेही सांगितले, तर त्याचा पगार वेगळा ठरवावा लागेल.

बदलीची ओळ बरेच जण विसरतात, आणि रजा खरी आहे की नाही ते याच ओळीवर ठरते. अनेक घरांत सुट्टी मिळते ती बाईने मुलीला, बहिणीला किंवा शेजारणीला पाठवले तरच. तसे झाले तर त्या दिवसाचे पैसे बदलीला द्यावे लागतात, किंवा मुलीची शाळा बुडते. भरपगारी रजा म्हणजे त्या दिवशीच्या कामाची सोय घरच्यांनी करायची आणि पगार बाईला द्यायचा.

मालक बाहेरगावी जातात त्या दिवसांचेही तसेच. मे महिन्यात कुटुंब दहा दिवस बाहेर असते आणि परतल्यावर ‘तुमची सुट्टी झालीच की’ असे ऐकवले जाते. त्या दिवसांत बाई मात्र कामाला यायला तयार असते, आणि तेवढ्यासाठी दुसरे घर तिला मिळत नाही. शिवाय गावची जत्रा, घरचे लग्न किंवा मुलाची परीक्षा मालकांच्या सहलीच्या तारखांना येत नाही. म्हणूनच पत्रात ‘तुम्हाला हव्या त्या वेळी’ हे शब्द हवेत. आधी कळवण्याची अट घालायला हरकत नाही. दोन-तीन दिवस पुरतात, पण ही अट आजारपणाला लावू नये.

रजा संपल्यावर झालेला खाडा कसा कापायचा, हेही आधी ठरवून पत्रात एका ओळीत लिहिणे बरे. रविवार भरपगारी असेल तर महिन्याचा पगार तीसही दिवसांचा असतो, म्हणून एका दिवसाचा पगार 3,600 भागिले 30, म्हणजे 120 रुपये. काही जण कामाच्या 26 दिवसांनी भागतात. मग एका खाड्याला सुमारे 138 रुपये कापले जातात. बाईने वर्षात 18 ऐवजी 21 दिवस घेतले, तर पहिल्या हिशेबाने 360 आणि दुसऱ्याने सुमारे 415 रुपये जातील. कापताना 30 ने भागणेच न्याय्य आहे. उलट रविवारी गरज म्हणून बोलावले, तर त्या दिवसाचे पैसे 26 च्या हिशेबाने, पूर्ण आकड्यात 140 रुपये, द्यावेत किंवा त्याच आठवड्यात दुसरी सुट्टी द्यावी.

पत्र मराठीत, मोठ्या अक्षरांत आणि दोन प्रतींत असावे. बाईची भाषा दुसरी असेल तर त्या भाषेत. रक्कम अंकांत आणि अक्षरांतही लिहावी. वाचता येत नसेल तर पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवावे, आणि सही किंवा अंगठा घेण्यापूर्वी ते घरी नेऊन तिच्या विश्वासातल्या माणसाकडून वाचून घ्यायला वेळ द्यावा. दारात उभ्या उभ्या घेतलेली सही समजून केलेली असेलच असे नाही. एक प्रत तिच्याकडेच राहिली पाहिजे. कल्याण मंडळात नोंदणी करताना ती घरकाम करते याचा मालकाचा दाखला लागतो. त्यासाठी ठरलेला नमुना असतो, पण पगार आणि कामाचा तपशील लिहून देणाऱ्या मालकाला तो भरून देणे जड जात नाही.

रजेची नोंद स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठेवणे सर्वांत सोपे. सुट्टी घेतलेल्या तारखेवर खूण करायची, आणि पगाराच्या दिवशी दोघांनी ती मोजून उरलेले दिवस पानाच्या कडेला लिहायचे. उरलेल्या 12 पैकी किती दिवस पुढच्या वर्षात जातील, किंवा त्यांचे पैसे मिळतील का, हे पत्रात नसेल तर मे महिन्याअखेर प्रश्न पडतो. बाई अनेक घरी काम करत असेल तर एका घरची सुट्टी तिला पुरेशी होत नाही, कारण उरलेल्या घरी त्या दिवशी जावेच लागते. सोसायटीतल्या चार-पाच घरांनी मिळून रविवार ठरवला, तर ती अडचण सुटते. पत्रे मात्र वेगळीच लागतात, कारण प्रत्येक घराचा पगार आणि काम वेगळे असते.