तिसऱ्या बिलाचे दहा रुपये

एका हॉटेलात तीन टेबलांची बिलं आली. पहिल्या टेबलावर एक चहा, दोन वडापाव आणि एक प्लेट भजी, बिल 80 रुपये. दुसऱ्यावर दोन चहा, तीन वडापाव, तीन भजी, बिल 170. तिसऱ्यावर तीन चहा, चार वडापाव, पाच भजी, बिल 270. दरपत्रक कुठेच लावलेलं नाही. तीन अज्ञात आहेत आणि समीकरणंही तीनच, म्हणजे दर निघायला हवेत असं कुणालाही वाटेल. पण ते निघत नाहीत. चहा, वडापाव आणि भजीचा कोणताही दर धरला तरी ही तिन्ही बिलं एकाच वेळी खरी ठरू शकत नाहीत.

हे ठरवायला दर शोधत बसावं लागत नाही. बिलांतले आकडे नुसते मांडायचे. चहा, वडापाव, भजी यांच्या नगांचे आकडे हे सहगुणक. त्यांचा चौकोनी तक्ता म्हणजे सहगुणकांचं मॅट्रिक्स. त्याच तक्त्याला उजवीकडे बिलाच्या रकमांचा एक स्तंभ चिकटवला की झालं ऑगमेंटेड मॅट्रिक्स.

```
1  2  1 |  80
2  3  3 | 170
3  4  5 | 270
```

आता एका ओळीच्या पटी दुसऱ्या ओळीतून वजा करत जायचं. असं केल्याने समीकरणांचा अर्थ बदलत नाही, कारण दोन बिलं खरी असतील तर त्यांची वजाबाकीही खरीच असते. दुसऱ्या ओळीतून पहिलीची दुप्पट आणि तिसरीतून पहिलीची तिप्पट काढू.

```
1  2  1 | 80
0 -1  1 | 10
0 -2  2 | 30
```

खालच्या दोन ओळींत डावीकडे काय झालंय ते पाहा: तिसरी ओळ दुसरीची बरोबर दुप्पट आहे. उजवीकडे मात्र 10 ची दुप्पट 20 होते आणि तिथे 30 आहेत. तिसरीतून दुसरीची दुप्पट काढली की शेवटची ओळ उरते ती अशी:

```
0  0  0 | 10
```

शून्य चहा, शून्य वडापाव, शून्य भजी आणि बिल दहा रुपये.

रँक म्हणजे अशी सगळी वजाबाकी करून झाल्यावर पूर्ण शून्य न झालेल्या ओळी किती उरल्या, तो आकडा. बारच्या डावीकडे पाहिलं तर दोन ओळी उरल्या, म्हणून सहगुणकांच्या मॅट्रिक्सची रँक 2. बारसकट पाहिलं तर तिसरी ओळही जिवंत आहे, कारण तिच्यात 10 आहेत. म्हणून ऑगमेंटेडची रँक 3. दोन्ही आकडे सारखे नाहीत, म्हणजे समीकरणं विसंगत, उत्तर नाही. ते सारखे आले असते तर उत्तर नक्की असतं. कसोटी एवढीच आहे आणि ती कितीही समीकरणं, कितीही अज्ञात असले तरी चालते. फरक पडलाच तर तो एकाचाच पडतो. एक स्तंभ वाढवल्याने रँक एकापेक्षा जास्त वाढू शकत नाही.

समजा तिसरं बिल 260 चं असतं. मग शेवटची ओळ पूर्ण शून्य झाली असती, दोन्ही रँक 2 आल्या असत्या आणि समीकरणं सुसंगत ठरली असती. पण तेव्हाही एकच एक दर हाती लागला नसता. अज्ञात तीन आणि रँक दोन, म्हणजे एक दर मोकळा राहतो. भजीचा दर आपण मनाने ठरवायचा. वडापाव त्याहून दहा रुपयांनी स्वस्त, आणि शंभरातून भजीच्या दराची तिप्पट वजा केली की चहा. भजी 30 धरली तर वडापाव 20 आणि चहा 10. भजी 25 धरली तर वडापाव 15 आणि चहा 25. पंचवीस रुपयांचा चहा आणि पंधराचा वडापाव हे जरा चमत्कारिक हॉटेल झालं, पण बिलं मात्र तंतोतंत जुळतात. अज्ञातांच्या संख्येतून रँक वजा केली की मोकळ्या दरांची संख्या मिळते. ती शून्य आली तरच उत्तर एकमेव.

ही कसोटी चालते का, याचं उत्तर ओळींपेक्षा स्तंभांकडे पाहिलं की लवकर कळतं. चहाचा स्तंभ आहे 1, 2, 3. वडापावचा 2, 3, 4. भजीचा 1, 3, 5. दर काहीही असले तरी तीन बिलांच्या रकमा म्हणजे या तीन स्तंभांना दरांनी गुणून केलेली बेरीजच. आता या प्रत्येक स्तंभात एक गोष्ट लपलेली आहे: दुसऱ्या आकड्याच्या दुपटीतून पहिला वजा केला की तिसरा मिळतो. चहासाठी चार वजा एक, तीन. वडापावसाठी सहा वजा दोन, चार. भजीसाठी सहा वजा एक, पाच. प्रत्येक स्तंभ हे पाळतो, म्हणून त्यांची कसलीही बेरीज हे पाळणारच. या टेबलांवर तिसरं बिल नेहमी दुसऱ्याच्या दुपटीतून पहिलं वजा केल्याइतकं असायला हवं: 340 वजा 80, म्हणजे 260. त्या 270 ला कोणतेच दर वाचवू शकत नाहीत. रकमांचा स्तंभ डावीकडच्या स्तंभांतूनच घडत असेल तर तो जोडल्याने नवीन काही येत नाही आणि रँक तीच राहते. तो त्यांच्या आवाक्याबाहेरचा असेल तर रँक एकाने वाढते.

महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीत दोन चलांची समीकरणं क्रेमरच्या पद्धतीने सोडवलेल्या वाचकांना इथे निश्चयक आठवतील. D, Dx, Dy काढायचे. D शून्य नसेल तर उत्तर एकमेव. D शून्य असेल आणि बाकीच्यांपैकी एखादा शून्य नसेल तर उत्तर नाही. सगळेच शून्य असतील तर अगणित उत्तरं. दोन चलांत हा नियम दगा देत नाही. खरी अडचण तोच नियम डोळे मिटून तीन चलांना लावला की होते, आणि पुढच्या वर्गांत कित्येकजण तो तसाच लावतात.

समजा तिन्ही टेबलांवर अगदी सारखंच मागवलं: एक चहा, एक वडापाव, एक भजी. दोन बिलं 60 ची आणि तिसरं 70 चं. उत्तर नाही हे शेंबडं पोरही सांगेल. आता निश्चयक काढू. D मध्ये तिन्ही स्तंभ सारखे, म्हणून तो शून्य. Dx मध्ये पहिल्या स्तंभाच्या जागी रकमा आल्या, तरी उरलेले दोन स्तंभ सारखेच, म्हणून तोही शून्य. Dy आणि Dz चंही तेच. चारही शून्य! नियम म्हणतो अगणित उत्तरं, आणि प्रत्यक्षात एकही नाही. रँक मात्र फसत नाही: सहगुणकांची रँक 1, ऑगमेंटेडची 2.

निश्चयकाला हे दिसत नाही याचं कारण सरळ आहे. तीन बाय तीनचा निश्चयक रँक 3 आहे की नाही एवढंच ओळखतो. त्याखालच्या सगळ्या रँकना तो शून्यच म्हणतो. भांडण 2 आणि 3 मधलं असेल, जसं आपल्या 270 च्या बिलात होतं, तर तो ते पकडतो. (तिथे Dx 30 येतो, हवं तर काढून पाहा.) भांडण 1 आणि 2 मधलं असेल तर त्याच्यापर्यंत ते पोचतच नाही. शिवाय समीकरणं चार आणि अज्ञात तीन असतील तर सहगुणकांचा तक्ता चौरस राहत नाही आणि D काढायचा प्रश्नच उरत नाही. रँकला त्याचं काही वाटत नाही.

हा नियम कुणाच्या नावावर जमा करायचा यावर देशोदेशी वेगळी रीत आहे. इटलीत तो रूशे–कापेल्लीचा, स्पेनमध्ये रूशे–फ्रोबेनियसचा, रशियात क्रोनेकर–कापेल्लीचा. फ्रान्सच्या यूजीन रूशेने तो 1875 मध्ये मांडला. पण छापील सिद्धता त्याच्याही आधी, 1867 मध्ये, ऑक्सफर्डच्या एका अध्यापकाने निश्चयकांवरच्या पुस्तकात दिली होती. त्याचं नाव चार्ल्स डॉजसन, म्हणजेच ‘अॅलिस इन वंडरलँड’ लिहिणारा लुईस कॅरल. ‘अॅलिस’ आवडल्यामुळे राणी व्हिक्टोरियाने त्याचं पुढचं पुस्तक मागवलं आणि तिच्या हाती हेच निश्चयकांचं पुस्तक पडलं, अशी एक गोष्ट फिरते. डॉजसनने ती साफ नाकारली होती.

कागदावर पूर्णांकांशी खेळताना ही कसोटी चोख आहे. मोजून आणलेल्या किंवा दशांशात तोडलेल्या आकड्यांपाशी तिचा पाय घसरतो. 3x + y = 1 हे समीकरण घ्या. त्याला तीनने भागून दुसरं लिहा, पण तीन दशांशस्थळांवर तोडून: x + 0.333y = 0.333. खरं तर ही एकाच समीकरणाची दोन रूपं. रँक 1 आणि उत्तरं अगणित. पण तोडलेल्या आकड्यांवर वजाबाकी केली तर डावीकडे इवलासा आकडा उरतो, शून्य होत नाही. रँक 2 ठरते आणि एकमेव उत्तर निघतं: x = 0, y = 1. उजवीकडचा 0.333 चुकून 0.334 झाला तर तेच ‘एकमेव’ उत्तर x = 1, y = −2 होतं. शेवटच्या दशांशातल्या एकाने उत्तर इतकं उडी मारत असेल, तर ती रँक खरी नाही, आकडे तोडल्यामुळे दिसलेली आहे, हे ओळखावं.

म्हणूनच संगणक रँक काढताना आकडा नेमका शून्य आहे का, असं विचारत नाही. एका ठरावीक मर्यादेहून लहान आहे का, असं विचारतो. पायथनमध्ये `np.linalg.matrix_rank` ही मर्यादा स्वतःच धरतो, पण ती संगणकाच्या अतिसूक्ष्म चुकांच्या मापाची असते. तुमच्या तराजूची किंवा फूटपट्टीची चूक त्याला माहीत नसते, ती `tol` मध्ये आपणच द्यावी लागते. वरच्या उदाहरणात ती 0.001 दिली की रँक पुन्हा 1 येते, आणि उजवीकडे 0.333 असो वा 0.334, दोन्ही समीकरणं सुसंगतच ठरतात.