टिंब, दंड आणि मोकळी जागा

आधुनिक मराठी गद्यात वाक्य टिंबाने संपते, दंडाने नव्हे. हिंदीत बहुतेक ठिकाणी वाक्याअखेर उभी रेघ (।) दिसते, मराठीत पूर्णविराम (.) असतो. लिपी एकच असूनही दोन भाषांनी वेगळ्या वाटा धरल्या, याचे कारण मराठी छपाईच्या इतिहासात आहे. मोडीत विरामचिन्हे नव्हती. शब्दांमध्ये जागा सोडण्याचीही पद्धत नव्हती. एकोणिसाव्या शतकात छापील गद्य घडू लागले, तेव्हा मेजर थॉमस कँडी यांच्यासारख्यांनी इंग्रजीतली विरामचिन्हे मराठीत रुजवली आणि त्यांबरोबर टिंबही आले. दंड पद्यापुरता उरला. ओवी, अभंग, आरती किंवा श्लोक यांत चरणाअखेर एक दंड आणि कडव्याअखेर आकड्यासह दोन दंड (॥१॥) आजही लागतात.

इंटरनेटवरच्या मराठी गद्यात मात्र दंड पुन्हा डोकावतो. हिंदीचा कळफलक वापरणाऱ्याच्या हाताशी तो असतो आणि हिंदीवरून घाईने केलेल्या भाषांतरात तो तसाच राहून जातो. अर्थाला त्याने बाध येत नाही, पण वाचणाऱ्याला मजकूर परका वाटतो. पद्यात उलट चूक होते. कळफलकावर दंड सापडला नाही की त्याच्या जागी `|` ही रेघ टंकली जाते. डोळ्याला दोन्ही सारख्याच; संगणकाला नाहीत. युनिकोडमध्ये दंडाचा क्रमांक U+0964 आहे, तर या रेघेचा U+007C. अभंगाची ओळ दंडासह शोधली, तर रेघ वापरलेले पान सापडेलच असे नाही.

हाच घोटाळा विसर्ग आणि अपूर्णविराम यांच्यात अधिक होतो. ‘दुःख’ या शब्दात द, उकार, विसर्ग आणि ख अशी चार चिन्हे आहेत. कित्येकदा तिसऱ्या जागी विसर्गाऐवजी अपूर्णविराम टंकला जातो आणि ‘दु:ख’ तयार होते. छापील कागदावर हा फरक क्वचितच कोणाच्या लक्षात येईल. पडद्यावर मात्र शब्दाच्या मधोमध विरामचिन्ह बसल्याने शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रॅम अडखळतो. ‘अंतःकरण’, ‘निःशब्द’, ‘स्वतः’ या शब्दांचेही असेच होते.

या साम्यामुळेच मराठी छपाईत अपूर्णविरामाआधी थोडी जागा सोडण्याची पद्धत पडली. ‘विषय : रजेचा अर्ज’ असे लिहिले की तिथे विसर्ग वाचला जात नाही. खिळ्यांच्या छपाईत ही जागा किती असावी हे जुळारी ठरवत असे. संगणकावर स्पेसबार दाबला की पूर्ण शब्दाची जागा पडते आणि नेमकी तिथेच ओळ तुटू शकते. मग चिन्ह एकटेच पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसते. वेबपानावर साध्या जागेऐवजी ` ` ही न तुटणारी जागा दिली की हे टळते. पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह यांच्याआधी मात्र जागा लागतच नाही.

चिन्हानंतरची जागा विसरली तरी अडचण येते. ‘सामना जिंकला.भारत अंतिम फेरीत’ या मजकुरातले ‘जिंकला.भारत’ संगणकाला एकच शब्द वाटते. त्यात ‘.भारत’ हा संकेतस्थळांच्या नावांचा खराखुरा शेवट असल्याने, एखादा प्रोग्रॅम त्यावर दुवाही तयार करू शकतो.

अवतरणचिन्हांबाबत सर्वसाधारण पद्धत अशी, की कोणाचे बोलणे जसेच्या तसे द्यायचे तर दुहेरी चिन्ह आणि पुस्तकाचे नाव किंवा वेगळा दाखवायचा शब्द असेल तर एकेरी. बोलणाऱ्याचे वाक्य पुरे होत असेल तर पूर्णविराम चिन्हाच्या आत येतो : तो म्हणाला, “उद्या येतो.” मराठीची खरी गंमत विभक्तीपाशी आहे. प्रत्यय शब्दाला चिकटतो, म्हणून तो अवतरणचिन्हालाही चिकटतो : ‘केसरी’चा अग्रलेख, ‘श्यामची आई’मध्ये. ‘केसरी’ चा असे तोडून लिहिले की प्रत्यय एकटा पडतो आणि ओळ तिथे तुटली तर ‘चा’ने नवी ओळ सुरू होते. वाकडी चिन्हे (‘ ’) आणि फोनवर सहज उमटणारी सरळ चिन्हे (' ') यांपैकी कोणतीही चालतात. एकाच लेखात दोन्ही मिसळू नयेत.

यांतल्या बऱ्याच चुका डोळ्यांनी दिसत नाहीत, पण शोधून सापडतात. लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी त्यात तीन गोष्टी शोधाव्यात : टिंबाआधीची जागा, `|` ही रेघ आणि दोन अक्षरांमध्ये अडकलेला अपूर्णविराम.