शेपूट तुटलेली पीडीएफ

ठाण्यातल्या एखाद्या सोसायटीचे सेक्रेटरी डोळ्यांसमोर आणा. वकिलांकडून साठ पानी कराराची स्कॅन प्रत ईमेलने आली, ती उतरवून घेतली, डबल क्लिक केलं आणि अ‍ॅक्रोबॅटने तोंड वाकडं केलं: `The file is damaged and could not be repaired.` पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. संगणक बंद करून चालू करायचा, पुन्हा उघडून पाहायचं, मग इंटरनेटवर ‘पीडीएफ दुरुस्ती’ शोधून जी पहिली वेबसाइट दिसेल तिथे तो करार चढवायचा. त्या करारावर सगळ्या सभासदांची नावं, पत्ते आणि पॅन क्रमांक असतात, हे चढवून झाल्यावर आठवतं.

खरं तर ‘डॅमेज्ड’ हा एक शब्द तीन-चार वेगवेगळ्या दुखण्यांसाठी वापरला जातो. त्यातलं नेमकं कोणतं, हे पाच मिनिटांत कळू शकतं.

त्यासाठी पीडीएफ कशी वाचली जाते ते माहीत हवं. आपण पुस्तक पुढून उघडतो, पीडीएफ वाचणारा प्रोग्रॅम मात्र सुरुवात करतो शेवटापासून. फाइलच्या आत पानं, चित्रं, अक्षरांचे साचे असे क्रमांक दिलेले तुकडे एकापाठोपाठ एक ठेवलेले असतात. कोणता तुकडा सुरुवातीपासून किती बाइटवर आहे याची अनुक्रमणिका बहुधा अगदी शेवटी असते, आणि ती कुठे सुरू होते हे त्याहूनही शेवटच्या ओळींत लिहिलेलं असतं. धडधाकट फाइलचं शेपूट साधारण असं दिसतं:

```
startxref
24117302
%%EOF
```

मधला आकडा म्हणजे अनुक्रमणिकेचा पत्ता. डाउनलोड मध्येच तुटलं, तर सगळ्यात आधी जातं ते हे शेपूट. म्हणून चाळीस पानं शाबूत असूनही फाइल एकही पान दाखवत नाही.

तपासणीला नोटपॅड पुरतं, पण आधी फाइलची एक कॉपी करून घ्यावी आणि तीच उघडावी. नोटपॅडमधून चुकूनही ‘सेव्ह’ करायचं नाही. तसं केलं की आतली दाबून ठेवलेली माहिती मजकूर समजून बदलली जाते आणि अर्धवट आजारी फाइल कायमची जाते. दुरुस्तीच्या नादात फाइली मारण्याचा हा हमखास मार्ग आहे.

पहिली ओळ `%PDF-` ने सुरू होत असेल, तर फाइल निदान पीडीएफच आहे. तिथे `<!DOCTYPE html` दिसलं, तर दुरुस्त करण्यासारखं काही नाहीच. लॉगिनची वेळ संपल्यावर काही पोर्टल कागदपत्राऐवजी लॉगिनचं पान पाठवतात, आणि ते `.pdf` नावाने जपून ठेवलं जातं. अशा फाइलचा आकार काही केबींचाच असतो. पुन्हा लॉगिन करून नव्याने उतरवून घेणं हा एकच उपाय. सुरुवात `PK` ने होत असेल, तर ती बहुधा वर्डची किंवा झिप फाइल असते आणि कोणीतरी नुसतं नाव बदललेलं असतं. आणि आकार बरोबर, पण आत पानंच्या पानं कोरी, असं दिसलं, तर बहुतेक कॉपी पूर्ण होण्याआधी पेनड्राइव्ह उपटला गेला. फाइलसाठी जागा राखली गेली, माहिती लिहिलीच गेली नाही. जे लिहिलंच नाही ते कोणता प्रोग्रॅम परत आणणार?

आपल्या सेक्रेटरींच्या फाइलची सुरुवात ठीक होती. ईमेलमध्ये अटॅचमेंटचा आकार २४ एमबी दिसत होता, संगणकावरची प्रत मात्र १६ एमबीची, आणि शेवटी `%%EOF` चा पत्ता नाही. निदान झालं: डाउनलोड तुटलं. इथे सगळ्यात चांगली दुरुस्ती म्हणजे ईमेल उघडून पुन्हा उतरवून घेणं. पण समजा, ईमेल पुसला गेलाय आणि वकील गावी गेलेत.

आधी तीच फाइल क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये टाकून पाहावी. अनुक्रमणिका सापडली नाही, तर हे ब्राउझर सगळी फाइल चाळून तुकडे शोधतात आणि नवी अनुक्रमणिका स्वतःच बांधतात. जे अ‍ॅक्रोबॅटला उघडत नाही, ते कधीकधी इथे सहज उघडतं. उघडलं, तर प्रिंटमध्ये जाऊन पीडीएफ म्हणून नव्या नावाने सेव्ह करावं. काम संपलं.

नाहीच उघडलं, तर `qpdf` हा मोफत प्रोग्रॅम कामाला येतो. तो आपल्याच संगणकावर चालतो, त्यामुळे करार घराबाहेर जात नाही.

```
qpdf --check karar.pdf
qpdf karar.pdf karar-nava.pdf
```

पहिल्या ओळीने तपासणी होते. अनुक्रमणिका बिघडली असेल, तर `Attempting to reconstruct cross-reference table` असं उत्तर येतं. म्हणजे ती नव्याने बांधायचा प्रयत्न चाललाय. दुसऱ्या ओळीने फाइल नव्या नावाने पुन्हा लिहिली जाते. सगळे तुकडे जागेवर असून फक्त पत्ते चुकलेले असतील, तर एवढ्यावर भागतं.

सेक्रेटरींचं मात्र भागलं नाही. कारण त्या स्कॅनरने कोणतं पान कितवं याची यादीसुद्धा फाइलच्या शेवटीच लिहिली होती, आणि ती गेलेल्या ८ एमबीत होती. पानांची चित्रं आहेत, पण त्यांना ‘पान’ म्हणणारं कोणी उरलेलं नाही. अशा वेळी म्यूपीडीएफसोबत मिळणारं `mutool` वापरून चित्रंच उपसून काढता येतात. आधी एक रिकामा फोल्डर करून त्यात कॉपी टाकावी, कारण चित्रं तिथेच येऊन पडतात.

```
mutool extract karar.pdf
```

स्कॅनचं प्रत्येक पान म्हणजे बहुधा एक जेपीईजी चित्र. एका पानाला सुमारे ४०० केबी धरले, तर १६ एमबीत चाळीसएक पानं निघतात. शेवटचं पान मधूनच कापलेलं, खालचा भाग राखाडी, असं असू शकतं. नावांतले क्रमांक साधारणपणे पानांच्याच क्रमाने येतात, तरी एकदा डोळ्यांखालून घालावेत. मग विंडोजमध्ये सगळी चित्रं निवडून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’वर छापली की चाळीस पानांची फाइल हाती येते. उरलेली वीस पानं वकील परत आल्यावरच.

स्कॅन केलेल्या फाइलचं नशीब इथे बरं असतं, कारण तिचं प्रत्येक पान स्वतंत्र असतं. टाइप केलेल्या मजकुराच्या फाइलींचं तसं नाही. पीडीएफच्या १.५ आवृत्तीपासून अनेक लहान तुकडे एकत्र दाबून एकाच गठ्ठ्यात ठेवायची सोय आली. फाइल लहान झाली, पण गठ्ठ्याच्या मध्येच खराबी असेल तर त्यापुढचं सगळं उलगडत नाही. चार बाइट बिघडल्यावर कितीतरी पानं जातात ती अशी.

एका जातीच्या फाइलला मात्र यातला कोणताही उपाय करू नये: डिजिटल सही असलेला सातबारा किंवा तसंच दुसरं प्रमाणपत्र. ती सही फाइलच्या ठरावीक बाइटांवर केलेली असते. `qpdf` ने नव्याने लिहिलेली किंवा ब्राउझरमधून पुन्हा सेव्ह केलेली प्रत डोळ्यांना तशीच दिसली, तरी तिच्यातली सही वैध ठरत नाही. असा उतारा उघडत नसेल, तर तो पोर्टलवरून पुन्हा काढून घ्यावा.