रविवारचा पाऊस सोमवारच्या खात्यात

समजा, घाटाच्या पूर्व उतारावरच्या एका केंद्राच्या पाऊस-नोंदवहीत रविवारची जागा कोरी आहे आणि सोमवारपुढे ४८ मिलिमीटर लिहिलेत. शेजारच्या तीन केंद्रांचे आकडे हाताशी आहेत, त्यांची सरासरी काढून रविवार भरावा असं कुणालाही वाटेल. पण आधी सोमवारचा आकडा तपासायला हवा.

आपल्याकडे रोजचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि आधीच्या चोवीस तासांचा पाऊस त्याच तारखेला लिहितात. एखाद्या सकाळी कुणी मोजायला गेलं नाही, तर पाणी पर्जन्यमापकातच राहतं आणि दुसऱ्या दिवशीच्या पावसात मिसळतं. म्हणजे हे ४८ दोन दिवसांचे मिळून असू शकतात.

ते शेजाऱ्यांकडूनच कळतं. मात्र त्यांचे आकडे जसेच्या तसे घेऊन चालत नाही. घाटमाथ्यापासून पूर्वेला थोडं अंतर गेलं तरी पाऊस झपाट्याने कमी होतो. म्हणून प्रत्येक आकडा वार्षिक सरासरीच्या प्रमाणात बदलून घेतात. आपल्या केंद्राची सरासरी १००० मिमी आणि शेजाऱ्यांची २०००, १२५० व ८०० मिमी धरू. तिथे रविवारी ६०, ३५ आणि २० मिमी पाऊस झाला. पहिल्याचा आकडा निम्मा होऊन ३० येतो, बाकीचे २८ आणि २५. त्यांची सरासरी सुमारे २८. सरळ सरासरी काढली असती तर ३८ आली असती.

सोमवारचे २४, १५ आणि ८ मिमी याच रीतीने बदलले, तर अंदाज ११ येतो. वहीत मात्र ४८ आहेत. दोन्ही दिवसांचा अंदाज मिळून ३९ होतो, आणि ४८ त्याच्याच जवळ जातात. तेव्हा हे साठलेलं पाणी असण्याचीच शक्यता जास्त. अशा वेळी ४८ हेच २८ आणि ११ च्या प्रमाणात वाटतात: रविवारी सुमारे ३४, सोमवारी १४. न तपासता रविवारी २८ भरले असते, तर कधी न पडलेला २८ मिमी पाऊस हिशेबात आला असता.

शेजारीही तपासून घ्यावे लागतात. एखाद्या केंद्रावरचे मोठ्या पावसाचे दिवस इतरांपेक्षा नेहमी एक दिवस मागे-पुढे दिसले, तर तिथे तारीख सरकलेली असते. एका ठरावीक महिन्यापासून आकडे एकदम दुप्पट झाले, तर २०० चौरस सेंटिमीटर तोंडाच्या मापकाला १०० च्या मापकाचं मोजपात्र वापरलं जात असावं. कोरी जागा आणि शून्य यांतही गफलत होते. पाऊस झाला नाही आणि पाऊस मोजला नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पद्धत आपल्या भागात किती चालते, हे पाहायला हाती असलेल्या काही नोंदी मुद्दाम झाकून त्यांचा अंदाज काढावा आणि खऱ्या आकड्यांशी ताडून पाहावा. जुलैतल्या सर्वदूर पावसात मेळ बरा बसतो. मे महिन्यातल्या वळवाच्या सरी मात्र एका गावात कोसळतात आणि शेजारचं गाव कोरडं राहतं. शिवाय सरासरीने अतिवृष्टीचे आकडे बोथट होतात आणि कोरड्या दिवशीही थोडा पाऊस दिसू लागतो. म्हणून भरलेल्या प्रत्येक आकड्यापुढे खूण करावी, आणि पुराचा हिशेब करताना खुणेचे आकडे वगळून पाहावं.